किश्श्यात हसायचं कशाला?

पुण्याजवळच्या एखाद्या कारखान्याच्या कार्यालयातली बैठक डोळ्यांसमोर आणा. हा प्रसंग मी समजावण्यासाठी रचलेला आहे. पस्तीसेक माणसं बसली आहेत. निम्मी मराठी, त्यातही कोणी सोलापूरचं, कोणी अमरावतीचं, कोणी सदाशिव पेठेतलं. बाकीच्यांत तमिळ आहेत, मल्याळी आहेत, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले आहेत, मणिपूरची एक मुलगी आहे. भिंतीवरच्या पडद्यावर जर्मनीच्या शाखेतले तिघं दिसतात. विभागप्रमुख साहेबांना दहा मिनिटं बोलायचं आहे आणि विषय आहे, पाळी बदलताना पुढच्या पाळीसाठी नोंद नीट लिहून ठेवणं. विषय कोरडा, वेळ जेवणानंतरची. म्हणून त्यांनी एक किस्सा तयार केला आहे. तो असा:

"आपल्याकडे मध्यंतरी रात्रपाळीला एक नवा भय्या सिक्युरिटीत आला होता. पॅन्ट्रीबाहेर राउटरच्या बटनावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी होती, ती खाली पडली. या पठ्ठ्यानं ती उचलून शेजारच्या एक्झॉस्ट फॅनच्या बटनावर चिकटवली. झालं! पंधरा दिवस फॅन चालूच. आता गावात ज्याच्या लाइटच नाही, त्याला बटनं काय कळणार?"

खोलीत हशा होईल, यात शंका नाही. पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हसू ज्या गोष्टीवर उभं केलं आहे, ती चिठ्ठीची गंमत नाही. ते एका माणसाच्या प्रांतावर, त्याच्या गरिबीवर आणि त्याच्या हुद्द्यावर उभं आहे. पाटण्याहून शिकून आलेला अभियंता दुसऱ्या रांगेत बसला आहे आणि तोही हसतो, कारण न हसणं त्याला परवडणारं नाही. दाराशी उभा असलेला सुरक्षा रक्षकही ऐकतो आहे. आणि या सगळ्यात साहेबांचा मूळ मुद्दा, नोंद नीट लिहा हा, कुठेच पोचलेला नाही. ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की चूक करणारा अडाणी होता. म्हणजे आपण तसे नाही, म्हणजे आपल्याला नोंदी सुधारायची गरज नाही.

किस्सा दुखावणारा ठरतो आणि किस्सा निकामी ठरतो, या दोन गोष्टींची मुळं पुष्कळदा एकच असतात. म्हणूनच "हल्ली काही बोलायची सोय राहिली नाही" ही तक्रार मला पटत नाही. ज्या कारणानं एखादा सहकारी दुखावतो, तेच कारण किश्श्याला ढिसाळही करून ठेवतं. ते काढून टाकलं की किस्सा सुरक्षित तर होतोच, शिवाय अधिक रंगतो.

हे पडताळून पाहण्याची सोपी रीत आहे. किस्सा कागदावर लिहावा. बोलण्याच्या भरात काय निसटतं ते आपल्याला ऐकू येत नाही, कागदावर मात्र दिसतं. मग त्यातला प्रत्येक असा शब्द खोडावा, जो माणसाची जात, प्रांत, धर्म, भाषा, लिंग, वय, शरीर किंवा हुद्दा सांगतो. वरच्या किश्श्यातून 'भय्या', 'सिक्युरिटीत', 'गावात लाइट नाही' हे खोडलं, तर उरतं काय? एक चिठ्ठी पडली, ती चुकीच्या बटनावर लागली आणि पंधरा दिवस फॅन चालू राहिला. गोष्ट शाबूत आहे. याचा अर्थ ती लेबलं गरजेची नव्हतीच, सवयीनं आली होती. पण कधी असंही होतं, की खोडाखोड केल्यावर हातात काहीच राहत नाही. कंजूष अमुक, भित्रा तमुक, बायको आणि खरेदी या साच्यातल्या गोष्टी अशाच असतात. तिथे गोष्ट नव्हतीच, फक्त लेबल होतं. असा किस्सा दुरुस्त होत नाही, तो सोडून द्यावा लागतो.

आता उरलेल्या सांगाड्याकडे पुन्हा पाहू. त्यात एक प्रश्न दडलेला आहे, जो पहिल्या मांडणीत साहेबांच्या लक्षातच आला नव्हता. चिठ्ठी चुकीच्या जागी लागली, ठीक. पण मग पंधरा दिवस बाकीचे काय करत होते? खरी गंमत तिथे आहे. दुसरा खर्डा असा होतो:

"आपल्या पॅन्ट्रीबाहेर दोन बटनं शेजारी-शेजारी आहेत. एक राउटरचं, एक एक्झॉस्ट फॅनचं. राउटरच्या बटनावर चिठ्ठी होती, 'बंद करू नये'. एके दिवशी ती पडली. कुणीतरी काळजीनं उचलून परत लावली, पण फॅनच्या बटनावर. त्यानंतर पंधरा दिवस तो फॅन अखंड चालू. रविवारी चालू, मध्यरात्री चालू. घरघरीनं पॅन्ट्रीत बोललेलं ऐकू येईना, तेव्हा लोक चहाचे कप घेऊन जिन्यात उभे राहू लागले, पण फॅन कुणी बंद केला नाही. एकानं चिठ्ठीच्या सुरुवातीला पेनानं 'कृपया' लिहिलं. चिठ्ठी सुटायला आली, तेव्हा तिच्यावर सेलोटेप मी स्वतः लावला. सोळाव्या दिवशी कुणीतरी वीज वाचवावी म्हणून शेजारचं, बिनचिठ्ठीचं बटन बंद केलं आणि अख्ख्या ऑफिसचं इंटरनेट गेलं. त्या चिठ्ठीत तीन गोष्टी नव्हत्या. बटन कशाचं, ते बंद का करायचं नाही, आणि शंका आली तर विचारायचं कुणाला. आपल्या पाळीच्या नोंदींत आज याच तीन गोष्टी शोधू."

इथे हसू कशाला आलं? एका साध्या चिठ्ठीपुढे शहाण्यासुरत्या माणसांनी मान तुकवली, याला. ही मान तमिळ माणसानंही तुकवली असेल, जर्मन माणसानंही आणि साहेबांनी तर तुकवलीच. कार्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी अशा एखाद्या निनावी सूचनेचं निमूट पालन केलेलं असतं. त्यामुळे हसताना माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही, स्वतःला ओळखतो. शिवाय किस्सा संपतो तिथेच भाषणाचा मुद्दा सुरू होतो. समजा, कुणीच हसलं नाही, तरी साहेबांची फजिती होत नाही, कारण त्या तीन गोष्टी तर सांगायच्याच होत्या. हा या मांडणीचा मोठा फायदा आहे. केवळ हशासाठी आणलेला विनोद पडला की शांतता बोचते. कामाचा किस्सा पडला तरी तो उदाहरण म्हणून उभा राहतो.

दुसऱ्या खर्ड्यात तपशील वाढले आहेत, हेही पाहावं. चहाचे कप घेऊन जिन्यात जाणं, 'कृपया', सेलोटेप. लेबल हा तपशिलाचा आळस असतो. 'भय्या' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनातलं तयार चित्र आपोआप वर येतं आणि सांगणाऱ्याला काही रंगवावं लागत नाही. ते चित्र काढून घेतलं की सांगणाऱ्याला खरंच पाहावं लागतं, आठवावं लागतं. चांगला किस्सा सांगणारी माणसं नेमकं हेच करतात.

हसू नेमकं कशानं येतं, यावर पीटर मॅक्ग्रॉ आणि केलेब वॉरन या दोन अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये एक उपयोगी मांडणी केली. काहीतरी चुकलेलं, वाकडं, अपेक्षेविरुद्ध दिसतं आणि त्याच क्षणी ते निरुपद्रवी आहे हेही जाणवतं, तेव्हा माणूस हसतो. दोन्हींपैकी एकच असेल तर हसू येत नाही. सगळं सरळच असेल तर कंटाळा येतो, नुसतं वाकडं असेल तर राग किंवा भीती वाटते. कार्यालयातल्या भाषणासाठी यातला कळीचा प्रश्न असा की, निरुपद्रवी कुणासाठी? जो वार आपल्यावर होत नाही तो आपल्याला किरकोळ वाटतो. ईशान्य भारतातून आलेल्या मुलीच्या डोळ्यांवर किंवा जेवणावर केलेला 'हलका' शेरा तिच्या शेजाऱ्याला हलका वाटेल. तिनं मात्र तो शाळेपासून, रस्त्यावर, घर भाड्यानं शोधताना ऐकलेला असतो. २०१४ मध्ये अरुणाचलचा निडो तानिया हा तरुण दिल्लीत मारहाणीनंतर मरण पावला. त्या भांडणाची सुरुवात त्याच्या दिसण्यावरच्या टिंगलीतून झाली होती, आणि त्यानंतर केंद्र सरकारला ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांसाठी बेझबरुआ समिती नेमावी लागली. एवढं ओझं ज्या शेऱ्याच्या मागे आहे, तो एका खोलीत तीस जणांना निरुपद्रवी आणि एकीला जड असतो. बोलणारा त्या तिसांत असतो, म्हणून त्याला ते जाणवत नाही.

मग काय, किश्श्यात प्रांताचं नावच घ्यायचं नाही? तसं मुळीच नाही. माझ्या मते अशी सरसकट बंदी घातली, तर सहकाऱ्यांच्या आयुष्यातले सगळे रंग पुसले जातील आणि सगळे किस्से प्रिंटर आणि लिफ्टपुरते उरतील. प्रश्न एवढाच आहे की गोष्टीत जाणकार कोण आहे आणि अडखळणारा कोण. समजा, एक मराठी अधिकारी सांगतो की तो पहिल्यांदा मल्याळी सहकाऱ्याच्या घरी ओणमच्या सद्येला गेला. केळीच्या पानावर वरण-तूप-भात आला, तो त्यानं आपल्याकडच्या सवयीनं पुन्हा-पुन्हा मागून घेतला आणि पोट भरून बसला. मग सांबार आलं, पायसम आलं, रसम आलं, ताक आलं, आणि यजमानाची आई मोठ्या मायेनं वाढतच राहिली. यात केरळ आहे, पण हसू केरळला नाही. तिथली माणसं जेवणाची चाल जाणतात, पाहुणा जाणत नाही. किश्श्यातलं लेबल इथे गरजेचं आहे आणि ते मानानं आलं आहे. तरीही त्या यजमान सहकाऱ्याला आधी विचारलं पाहिजे, कारण गोष्ट त्याच्या घराची, त्याच्या आईची आहे. तो नको म्हणाला, तर कारण न विचारता सोडून द्यावी.

हाच फरक सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये दिव्यांगांच्या संदर्भात मांडला. 'आँख मिचोली' या हिंदी चित्रपटातल्या चित्रणाविरुद्ध याचिका होती. निकाल देताना न्यायालयानं दोन प्रकारचे विनोद वेगळे केले. एक, जो दिव्यांग माणसाला कमी लेखतो आणि खच्ची करतो. दुसरा, जो दिव्यांगत्वाबद्दलची लोकांची समज वाढवतो. विषय एकच असतो, रोख उलटा असतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या सहकाऱ्यानं 'सर्वांसाठी सुलभ' अशी पाटी दोन पायऱ्या चढून गेल्यावर कशी दिसते, हे सांगितलं तर हसू इमारतीला येतं. तेच दुसऱ्या कुणी त्याच्या वतीनं, त्याला न विचारता सांगितलं, तर सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात आणि त्याला उगाच प्रदर्शनात उभं केल्यासारखं होतं.

न्यायालयाचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. सरदारजींवरचे विनोद बंद करावेत, अशी याचिका २०१५ मध्ये एका शीख वकील महिलेनं केली होती. लोकांनी कसं वागावं याची नैतिक नियमावली न्यायालय घालून देऊ शकत नाही, असं २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. काही लोक याचा अर्थ "म्हणजे चालतं" असा घेतात. तो चुकीचा आहे. न्यायालयानं ते विनोद चांगले असल्याचं प्रमाणपत्र दिलेलं नाही. आणि कार्यालय म्हणजे चौक नव्हे. चौकातला माणूस उठून जाऊ शकतो, बैठकीतला नाही. काही बाबतींत तर कायदा स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात लैंगिक रंगाची शेरेबाजी छळाच्या व्याख्येत येते, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते. "विनोद होता" असं म्हटल्यानं शेऱ्याचं स्वरूप बदलत नाही.

स्वतःवर विनोद केला की सगळं सुरक्षित, असा एक समज फार पसरलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. जून २०१५ मध्ये सोलमध्ये जगभरच्या विज्ञान-पत्रकारांची परिषद होती. तिथे कोरियातल्या महिला वैज्ञानिकांच्या संघटनेनं दिलेल्या जेवणाच्या वेळी नोबेल मिळालेले ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम हंट चार शब्द बोलले. प्रयोगशाळेत मुलींबरोबर काम करताना आपल्याला येणाऱ्या अडचणींबद्दल ते बोलले. तुम्ही त्यांच्या प्रेमात पडता, त्या तुमच्या प्रेमात पडतात आणि टीका केली की त्या रडतात, असा त्याचा आशय होता. त्यांच्या मते ही स्वतःवरचीच थट्टा होती, आणि पुढे त्यांनी स्त्री-वैज्ञानिकांचं कौतुकही केलं, असं तिथे हजर असलेल्या काहींनी नंतर सांगितलं. पण बाहेर पोचलं ते एवढंच वाक्य. काही दिवसांतच त्यांना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधलं मानद प्राध्यापकपद सोडावं लागलं. त्यांना मिळालेली शिक्षा योग्य होती का, यावर मतभेद झाले आणि ते समजण्यासारखे आहेत. आपल्या कामाचा भाग वेगळा आहे. वाक्याची सुरुवात 'मी'नं झाली होती, पण हसू जिथे पोचायचं होतं ती जागा 'मुली रडतात' ही होती. 'मी' फक्त दार होतं, आत दुसरंच कुणी उभं होतं.

आपल्या कार्यालयांत असे 'मी'चे किस्से रोज ऐकू येतात. "मी बाई, मला कुठलं पार्किंग जमायला" असं एखादी व्यवस्थापिका म्हणते, तेव्हा खोलीतल्या गाडी चालवणाऱ्या साऱ्याजणी त्यात ओढल्या जातात. "आमचं इंग्रजी म्हणजे खेड्यातल्या शाळेचं" असं एखादे साहेब हसत म्हणतात. ते आता उच्च पदावर आहेत, त्यांना ते परवडतं. खेड्यातल्या शाळेतून नुकतीच आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी सादरीकरण करायला उभी राहते, तेव्हा तिच्या इंग्रजीकडे लोक त्याच नजरेनं पाहू लागतात. स्वतःवर हसायचं असेल, तर ते आपल्या कृतीवर हसावं. सेलोटेप लावण्यावर हसावं. आपण ज्या गटात जन्मलो, त्या गटावर नव्हे, कारण त्या गटातले बाकीचे लोक आपल्याला तशी परवानगी देऊन बसलेले नसतात.

पुण्या-मुंबईच्या माणसाला इथे पुलंची आठवण येणारच. मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्यावर त्यांनी केलेली धमाल महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली, मग आमच्या बैठकीत का नाही चालणार? याचं उत्तर त्या रचनेतच आहे. तिथे तिघांनाही पाळी मिळते, तिघंही तोलामोलाचे आहेत, आणि प्रत्येकाच्या सवयी इतक्या बारकाईनं टिपल्या आहेत की ज्याच्यावर विनोद आहे तोच सगळ्यात जास्त हसतो. शिवाय तो प्रेक्षक तिकीट काढून, हसायला म्हणून आलेला असतो. हेच पुणेरी साहेबांनी बैठकीत एकट्या नागपूरकर कनिष्ठाकडे पाहून सुरू केलं, की तोल जातो. एकीकडे पगारवाढ ठरवणारा, दुसरीकडे ती घेणारा. त्यात पाळी फक्त एकालाच. आणि तमिळ किंवा जर्मन सहकाऱ्यांना तर पुणेकर आणि नागपूरकर यांत काय गंमत आहे हेच कळत नाही. त्यांचा अपमान होत नाही, पण ते बाहेर राहतात. पाच मिनिटं बाहेर राहणं चालून जातं. दर बैठकीला तेच होत असेल, तर ती माणसं हळूहळू बोलायचीच थांबतात. म्हणून कार्यालयीन किश्श्याला लागणारी माहिती किश्श्यातच असावी. पॅन्ट्री, बटन, चिठ्ठी हे सगळ्यांना दिसलेलं असतं.

सांगण्याच्या बाबतीत थोडंच सांगण्यासारखं आहे. दहा मिनिटांच्या बोलण्यात एक किस्सा पुरे, आणि तो सव्वा ते दीड मिनिटात संपावा. "आता एक गंमत सांगतो" अशी दवंडी पिटू नये. त्यानं लोक हसण्याच्या तयारीला लागतात आणि किश्श्यावर नाहक भार पडतो. दुसऱ्याच्या उच्चाराची नक्कल तर पूर्णपणे टाळावी. शब्द कितीही सभ्य असले, तरी 'येन्ना रे' छापाचा सूर लावला की खोडून काढलेलं लेबल आवाजातून परत येतं. चेहऱ्याच्या आणि हाताच्या हावभावांचंही तसंच. पडद्यावरून ऐकणाऱ्यांसाठी शेवटच्या ओळीनंतर एखादा श्वास जास्त थांबावं. आवाज पोचायला उशीर होतो, त्यांचं हसू येईपर्यंत आपण पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतो आणि ते अवघडतात. उपरोध मात्र त्यांच्यापर्यंत बहुधा पोचतच नाही. "काय सुंदर काम केलंय!" हे दुसऱ्या भाषेत, खरखरत्या आवाजात ऐकणाऱ्याला खरंच कौतुक वाटू शकतं.

आधी कुणाला तरी ऐकवून पाहावं, हे सगळेच सांगतात. पण कुणाला आणि काय विचारून, यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याच गावचा, आपल्याच वयाचा मित्र इथे कामाचा नाही. हाताखालचा माणूस तर अजिबात नाही. हसण्याचा अभ्यास केलेले अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या रोजच्या गप्पा टिपल्या, तेव्हा त्यांना दिसलं की बहुतेक हसू विनोदामागून येतच नाही, ते साध्यासुध्या वाक्यांमागून येतं. एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस कितीतरी पटींनी जास्त हसतो. हसणं ही मुख्यतः सोबतीची खूण आहे. साहेबांच्या किश्श्याला कनिष्ठ हसला, तर त्यानं सोबत दाखवली, एवढंच कळतं. किस्सा चांगला आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून वेगळ्या प्रांतातल्या, शक्यतो बरोबरीच्या हुद्द्याच्या सहकाऱ्याला किस्सा ऐकवावा आणि "हसू आलं का?" असं विचारू नये. "यात तुला कोण कोण दिसलं?" असं विचारावं. पहिला किस्सा ऐकणारा म्हणेल, "एक बिहारी वॉचमन." दुसरा ऐकणारा म्हणेल, "आपण सगळे." उत्तर एका क्षणात मिळतं आणि त्यात कुणाला संकोच करावा लागत नाही.

प्रत्यक्ष बोलताना चूक झाली, तर ती ओळखण्याची खूण हशाच्या आवाजात नसते. ती नजरांत असते. किस्सा संपताच लोक बोलणाऱ्याकडे किंवा एकमेकांकडे पाहत हसले, तर ठीक आहे. हसण्याआधी चार-पाच नजरा एकाच माणसाकडे वळल्या, त्यानं काय केलं ते पाहून मग हशा आला, तर किस्सा त्या माणसाला लागला आहे. तो स्वतः हसत असला तरीही.

अशा वेळी लांबण लावू नये. तिथल्या तिथे, त्या माणसाचं नाव न घेता, दोन वाक्यं पुरतात: "हे मी ज्या पद्धतीनं सांगितलं ते बरोबर नव्हतं. ते मागे घेतो." मग पुढचा मुद्दा सुरू करावा. "कुणाला वाईट वाटलं असेल तर" अशी अट घातली की चूक ऐकणाऱ्याच्या नाजूकपणाकडे सरकते. "माझा तसा हेतू नव्हता" हे खरं असलं, तरी त्या क्षणी त्याचा उपयोग बोलणाऱ्यालाच असतो. सगळ्यांसमोर त्या सहकाऱ्याला "तुला राग नाही ना आला?" असं विचारणं सगळ्यात वाईट. त्याला एकच उत्तर देता येतं आणि ते देताना तो दुसऱ्यांदा खोलीच्या मधोमध उभा राहतो. बैठक संपल्यावर एकट्यात भेटून, मी काय चुकीचं बोललो हे स्वतःच्या तोंडानं सांगावं, आणि तो काही बोलला तर ऐकून घ्यावं. बैठकीचं चित्रण ठेवलं जात असेल, तर तेवढा तुकडा काढून टाकायची विनंती त्याच दिवशी करावी. सुट्टीवर असलेली माणसं ते उद्या पाहणार असतात, आणि त्यांच्यापर्यंत मागे घेतलेलं वाक्य पोचेलच असं नाही.